पैसे गेले, पावती आली नाही

जुलै महिन्यात भंडारा जिल्ह्यात दोन कामे एकदम अंगावर येतात, धानाची रोवणी आणि कॉलेजचे प्रवेश. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावातून साकोलीला किंवा भंडाऱ्याला जाऊन फीच्या खिडकीपाशी उभे राहायचे, तर घरातल्या एका माणसाची दिवसभराची मजुरी बुडते. त्यामुळे फी मोबाइलवरून भरण्याची सोय अशा गावांना खरोखरच उपयोगाची आहे. अडचण येते ती एका ठरावीक जागी. बँकेचा संदेश येतो की रक्कम खात्यातून वजा झाली. कॉलेजच्या संकेतस्थळाचे पान मात्र गोल गोल फिरत राहते, मग बंद पडते आणि पावती येत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळते, तुमची फी आमच्याकडे जमा दिसत नाही. घरचे म्हणतात पैसे गेले, कार्यालय म्हणते पैसे आले नाहीत, आणि बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. खात्यातून रक्कम वजा झाली, एवढ्याने फी भरली असे सिद्ध होत नाही. तो पुराव्याचा पहिला तुकडा झाला. ती रक्कम कोणत्या मागणीपोटी गेली आणि ती खात्यात परत आलेली नाही, हे दोन तुकडे त्याला जोडले म्हणजे विद्यार्थ्याचे काम पूर्ण होते. त्यापुढे पैसे नेमके कुठे आहेत हे शोधण्याची जबाबदारी कॉलेजची असते. हे म्हणणे कशाच्या आधारावर उभे आहे, ते या प्रकरणात पाहू.

टपालाच्या जुन्या मनीऑर्डरीत दोन कागद असत. पैसे भरताना खिडकीवर मिळणारी पावती सांगे की पैसे निघाले, आणि काही दिवसांनी घेणाऱ्याच्या सहीची पोच परत येई, ती सांगे की पैसे पोहोचले. निघणे आणि पोहोचणे या वेगळ्या घटना आहेत, हे त्या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते. ऑनलाइन फी भरताना दोन्ही घटना काही सेकंदांत आटोपतात, म्हणून त्या एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये चार-पाच हात असतात. कॉलेजच्या पानावर ‘फी भरा’ हे बटण दाबताच एक ऑर्डर क्रमांक तयार होतो. मग ते पान आपल्याला कॉलेजने नेमलेल्या पेमेंट कंपनीकडे पाठवते. ती कंपनी आपल्या बँकेकडे किंवा यूपीआयकडे रक्कम मागते, आपण पिन किंवा ओटीपी टाकतो, आणि बँक रक्कम वजा करते. बँकेचा होकार पेमेंट कंपनीकडे जातो, तिथून कॉलेजच्या संगणकाकडे जातो, आणि तो तिथे पोहोचला तरच पावती तयार होते. म्हणजे पावती पैशांमुळे नव्हे, निरोपामुळे निघते. पैसे आणि निरोप वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांपैकी एक वाट तुटली तरी दुसरी चालू राहू शकते.

मग पैसे अडकतात कुठे? ठिकाणे मुख्यतः तीन. पहिले ठिकाण बँकांच्या मधले. आपल्या बँकेने रक्कम वजा केली, पण समोरच्या बँकेकडून जमा झाल्याचा होकार आला नाही. अशी रक्कम सहसा आपोआप परत येते. दुसरे ठिकाण पेमेंट कंपनी. तिच्याकडे रक्कम आली, पण तिच्या नोंदीत ऑर्डर अजून ‘Pending’ आहे, किंवा वेळ संपल्यामुळे ‘Failed’ अशी नोंद होऊन गेल्यावर बँकेचा होकार उशिरा आला. कॉलेजने कंपनीशी काय ठरवले आहे त्यावर पुढचे अवलंबून असते. उशिरा आलेली रक्कम एक तर स्वीकारली जाते किंवा परत पाठवली जाते. तिसरे ठिकाण खुद्द कॉलेज. पैसे कॉलेजच्या बँक खात्यात जमा झाले, पण निरोप कॉलेजच्या संगणकापर्यंत पोहोचला नाही, म्हणून विद्यार्थ्याच्या नावापुढे काहीच दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात कार्यालयाचे उत्तर का चुकते, ते नीट समजून घ्यायला हवे. पेमेंट कंपनी प्रत्येक विद्यार्थ्याची फी वेगवेगळी जमा करत नाही. एका दिवसाच्या साऱ्या रकमा एकत्र करून एकच ठोक रक्कम कॉलेजच्या खात्यात टाकते, आणि अनेकदा तिचे शुल्क त्यातून आधीच वजा केलेले असते. कॉलेजच्या बँक विवरणपत्रात एखाद्या तारखेला दोन-अडीच लाखांची एक ओळ दिसते, त्यात कोणाचेही नाव नसते. त्या ओळीत कोणकोणत्या ऑर्डरी आहेत हे पेमेंट कंपनीच्या सेटलमेंट अहवालात लिहिलेले असते. हा अहवाल पाहण्याचा लॉगिन कॉलेजकडे असतो, विद्यार्थ्याकडे नाही. लिपिकाने फक्त प्रवेशाच्या यादीत किंवा बँकेच्या विवरणात पाहून ‘जमा नाही’ म्हटले, तर त्याने जे पाहिले ते खरे, पण जिथे पाहायला हवे होते तिथे पाहिलेच नाही.

निरोप न येणे म्हणजे व्यवहार फसणे नव्हे, याचे मोठे उदाहरण देशाने 12 एप्रिल 2025 रोजी पाहिले. त्या शनिवारी देशभर यूपीआय काही तास अडखळले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नंतर जे कारण सांगितले ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. काही बँकांकडून ‘या व्यवहाराचे काय झाले?’ अशी विचारणा करणाऱ्या संदेशांचा पूर आला होता, आणि त्या ओझ्याने व्यवस्थाच मंदावली. म्हणजे उत्तर येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा विचारणे हेच उत्तरे न मिळण्याचे कारण ठरले. त्यानंतर कॉर्पोरेशनने बँकांना मर्यादा घालून दिली. व्यवहारानंतर किमान 90 सेकंद थांबूनच पहिली विचारणा करायची, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. फी भरणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की पहिल्या दोन-तीन मिनिटांत पडद्यावर काय दिसते त्याला फारसा अर्थ नाही. त्या मिनिटांत बँकेला आणि पेमेंट कंपनीलाही पक्के ठाऊक नसते. पान पुन्हा पुन्हा ताजे करणे, मागे जाऊन तेच बटण परत दाबणे, घाबरून दुसऱ्या खात्यातून लगेच रक्कम भरणे, यांमुळे एका फीपोटी दोन ऑर्डर क्रमांक तयार होतात आणि पुढचा शोध अधिक गुंतागुंतीचा होतो.

आता पुराव्याच्या त्या तुकड्याकडे येऊ जो बहुतेक जण देतच नाहीत, म्हणजे रक्कम परत आलेली नाही हे दाखवणे. 20 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांबद्दल एक परिपत्रक काढले आणि ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झाले. त्यानुसार यूपीआयने एखाद्या दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे दिले, खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोर खात्रीचा निरोप पोहोचला नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत यायला हवी. ऑनलाइन कार्ड वापरले असेल तरीही हीच पाच दिवसांची मुदत आहे. मुदत उलटली तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा करायची असते, आणि तीही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. हा नियम ग्राहकाच्या सोयीसाठी असला तरी त्यातून एक भक्कम तर्क निघतो. फसलेला व्यवहार पाच दिवसांत उलटायचा असेल, आणि सहाव्या-सातव्या दिवशीचे विवरणपत्र सांगत असेल की तो उलटलेला नाही, तर एक तर तो फसलेला नव्हता, म्हणजे पैसे पेमेंट कंपनीकडे किंवा कॉलेजकडे आहेत, किंवा बँकेने नियम मोडला आहे. विद्यार्थ्याने पैसे पाठवलेच नाहीत असा तिसरा पर्याय उरत नाही. म्हणूनच एका दिवसाच्या स्क्रीनशॉटपेक्षा आठ दिवसांचे विवरणपत्र अधिक बोलते.

आकड्यांसह एक कल्पित उदाहरण घेऊ. दिघोरीची एक विद्यार्थिनी 10 जुलैला रात्री 6,340 रुपये फी यूपीआयने भरते. रक्कम वजा होते, पावती येत नाही. तिच्या यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहाराखाली बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसतो, आणि बँकेच्या विवरणपत्रात साधारण अशी ओळ येते:

```
10-07  UPI/DR/519112345678/<college>  6,340.00
```

मधला बारा अंकी आकडा महत्त्वाचा. तो तिच्या बँकेत, समोरच्या बँकेत आणि पेमेंट कंपनीच्या नोंदीत तोच असतो. कॉलेजच्या पानावर तयार झालेला ऑर्डर क्रमांक वेगळा असतो. तो बँकेला माहीत नसतो, पण कॉलेजच्या आणि पेमेंट कंपनीच्या नोंदीत असतो. म्हणजे बँकेत शोधायचे असेल तर बारा अंकी क्रमांक, कॉलेजात शोधायचे असेल तर ऑर्डर क्रमांक, आणि दोघांना सांधणारी नोंद फक्त पेमेंट कंपनीकडे. विद्यार्थिनीने हे दोन्ही क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि फॉर्ममध्ये भरलेला मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून दिले, तर लिपिकाला अहवालात शोधायला फारसा वेळ लागत नाही. एकच क्रमांक दिला, तर शोध एका बाजूने अडतो. ऑर्डर क्रमांक हातात नसेल तर तो बहुतेक वेळा कॉलेजच्या संकेतस्थळावर लॉगिन करून व्यवहारांच्या यादीत, ई-मेलमध्ये किंवा मोबाइलवरच्या संदेशात मिळतो. स्टेट बँकेच्या ‘SBI Collect’ सेवेतून फी भरली असेल तर काम आणखी सोपे होते. तिथे ‘Payment History’ या पर्यायात भरताना दिलेली जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक टाकून जुने व्यवहार पाहता येतात. व्यवहार यशस्वी असेल तर DU ने सुरू होणाऱ्या संदर्भ क्रमांकासह पावती तिथूनच पुन्हा छापता येते. अशा वेळी कॉलेजला काही सिद्ध करून दाखवण्याची गरजच उरत नाही.

पुढे उदाहरणात दोन वाटा फुटतात. 13 जुलैला 6,340 रुपये खात्यात परत आले, असे समजा. मग प्रश्न पुराव्याचा राहिलाच नाही, फी भरलेली नाही आणि ती पुन्हा भरायला हवी. इथेच अनेकांचे नुकसान होते. रक्कम वजा झाल्याचा स्क्रीनशॉट पाहून कार्यालय ‘होईल जमा’ म्हणते, विद्यार्थी निर्धास्त होतो, परत आलेली रक्कम घरखर्चात मिसळून जाते आणि परीक्षा अर्जाच्या वेळी थकबाकी समोर येते. दुसरी वाट अशी, की 18 जुलैपर्यंतही रक्कम परत आलेली नाही. तेव्हा 10 ते 18 जुलैचे विवरणपत्र शाखेतून सही-शिक्क्यासह घ्यावे. शिक्क्याला कायद्याचे पाठबळ आहे. 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टनुसार बँकेच्या वहीतील नोंदीची प्रमाणित प्रत ही ती नोंद अस्तित्वात असल्याचा सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. नेट नीट नसलेल्या गावात पासबुक छापून घेणे सोपे पडते, आणि बऱ्याच ठिकाणी ते चालतेही. पण पासबुकात कधी कधी संदर्भ क्रमांक अर्धवट छापला जातो, म्हणून छापलेली ओळ तिथेच तपासून घ्यावी. समजा, शेवटी 22 जुलैला रक्कम बँकेने उलटवली. मग 15 जुलैनंतरचे सात दिवस होतात आणि 700 रुपये भरपाईचा हक्क उभा राहतो.

या पाच दिवसांत नुसते बसून राहायचे नाही. दुसऱ्याच दिवशी कॉलेजला लेखी कळवावे, ई-मेलने किंवा अर्जाने. अर्जाची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यावा. अर्जात तक्रारीचा सूर नसावा, विचारणा असावी. अमुक तारखेला, अमुक वेळी, या ऑर्डर क्रमांकाने, या बारा अंकी संदर्भाने एवढी रक्कम वजा झाली आहे. कृपया पेमेंट कंपनीच्या नोंदीत या ऑर्डरची सद्यःस्थिती पाहून ती रक्कम कोणत्या तारखेच्या सेटलमेंटमध्ये आली आहे किंवा परत पाठवली आहे, हे लेखी कळवावे. तोपर्यंत विलंब शुल्क लावू नये. ‘माझी फी जमा करून घ्या’ या वाक्याला ‘जमा नाही’ असे उत्तर देता येते. ‘या ऑर्डरची स्थिती काय आहे ते पाहून कळवा’ याला तसे उत्तर देता येत नाही, त्यासाठी कोणाला तरी लॉगिन करून पाहावेच लागते. बँकेलाही असेच विचारावे. या संदर्भाचा व्यवहार यशस्वी झाला की उलटला, आणि यशस्वी झाला असेल तर कोणत्या नावाच्या खात्यात कधी जमा झाला? यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवण्याची सोय असते. तिथून मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर मात्र फोन करू नये. पैसे परत मिळवण्यासाठी पिन, ओटीपी किंवा क्यूआर कोड कधीच लागत नाही, आणि अडकलेल्या व्यवहाराने घाबरलेला माणूस फसवणाऱ्यांना सहज सापडतो.

या सगळ्यावर कॉलेजच्या बाजूने पहिला आक्षेप येईल तो असा, की स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो. आक्षेप रास्त आहे. पैसे न भरता ‘व्यवहार यशस्वी’ असे दाखवणारी बनावट अॅप आहेत, आणि खरा स्क्रीनशॉटसुद्धा फक्त त्या क्षणाचा असतो, नंतर व्यवहार उलटला तरी तो तसाच राहतो. म्हणून कार्यालयाने स्क्रीनशॉटवर पावती देऊ नये, हे मला मान्य आहे. पण स्क्रीनशॉट पुरेसा नाही म्हणून तो फेकून द्यायचा, असे होत नाही. त्यातले क्रमांक हा शोधाचा पत्ता आहे. चित्र खोटे असेल तर त्या क्रमांकाची ऑर्डर अहवालात सापडणारच नाही, आणि खरे असेल तर सापडेल. विद्यार्थ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच एका शोधानंतर उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फी भरल्याचे सिद्ध करणे हे भरणाऱ्याचे काम, कॉलेजने का शोधत बसावे? सर्वसाधारण नियम म्हणून हे बरोबर आहे. पण भारतीय पुरावा कायद्यात एक तत्त्व पूर्वीपासून आहे आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 109 मध्येही ते कायम आहे. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीत असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. हा न्यायालयाचा नियम आहे, फीच्या खिडकीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. त्यामागची समज मात्र इथे तंतोतंत बसते. सेटलमेंट अहवाल फक्त कॉलेजला दिसतो. शिवाय पेमेंट कंपनी विद्यार्थ्याने निवडलेली नसते, ती कॉलेजने नेमलेली असते. रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 रोजी अशा कंपन्यांसाठी जे नियम काढले, त्यांत त्यांचे कामच असे सांगितले होते की त्या ग्राहकांकडून रकमा स्वीकारतात, एकत्र करतात आणि ठरावीक काळाने व्यापाऱ्याला, म्हणजे इथे कॉलेजला, देतात. त्यामुळे रक्कम एकदा त्या कंपनीच्या हाती पोहोचली की तिथून कॉलेजच्या खात्यापर्यंतच्या वाटेवरची दिरंगाई विद्यार्थ्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. रक्कम बँकांच्या मध्येच अडकली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती कॉलेजच्या कोणत्याच हातात आलेली नसते, आणि ‘मी फी भरली’ हा दावा मनापासून केलेला असला तरी टिकत नाही. म्हणूनच अडकण्याचे ठिकाण आधी कळले पाहिजे, आणि ते कळवू शकणारा पक्ष कॉलेज आहे.

तिसरी अडचण आक्षेपापेक्षा पेच अधिक आहे. आजच शेवटची तारीख आहे, पाच दिवस थांबायला जागाच नाही. अशा वेळी तत्त्वासाठी प्रवेश किंवा परीक्षा पणाला लावू नये, असे माझे मत आहे. जुळवाजुळव शक्य असेल तर फी दुसऱ्यांदा भरावी, शक्यतो कार्यालयात जाऊन रोख किंवा डीडीने, म्हणजे पावती हातोहात मिळते. आणि त्याच वेळी लेखी द्यावे की आधीच्या ऑर्डरची रक्कम मिळालेली आढळल्यास ती परत करावी किंवा पुढच्या हप्त्यात वळती करावी. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 72 सांगते की चुकीने मिळालेली रक्कम घेणाऱ्याने परत करायची असते. एकाच फीची दुसरी रक्कम ठेवून घेण्याचा आधार कॉलेजला मिळत नाही. पण 6,340 रुपये दुसऱ्यांदा उभे करणे दिघोरीतल्या शेतमजुराच्या घरी, रोवणीच्या खर्चात, कितपत शक्य आहे हे कॉलेजांनाही ठाऊक आहे. त्यामुळे लेखी विचारणा मुदतीत आलेली असेल, तर ऑर्डरची स्थिती कळेपर्यंत प्रवेश तात्पुरता ग्राह्य धरणे हा कॉलेजने अवलंबावा असा साधा उपाय आहे. यात कॉलेजचे नुकसान होत नाही. रक्कम उलटली तर फी वसूल करता येते, गेलेली प्रवेशाची जागा मात्र विद्यार्थ्याला परत मिळत नाही.

ग्रामीण भागात पुराव्याची साखळी सर्वांत जास्त तुटते ती नेट सेंटरवर. फॉर्म भरणे, कागद स्कॅन करणे आणि फी भरणे ही तिन्ही कामे तिथे एकत्र होतात, आणि फी बहुधा सेंटरचालकाच्या खात्यातून जाते. विद्यार्थी त्याला रोख देतो. पैसे अडकले की विद्यार्थ्याकडे दाखवायला काहीच नसते, कारण विवरणपत्र दुसऱ्याचे असते. आणि रक्कम उलटली तर ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत जाते, ते विद्यार्थ्याला कळतही नाही. दिवसाला डझनभर मुलांची फी भरणाऱ्या चालकालाही एकेका रकमेचा माग ठेवणे जड जाते. यावर उत्तम उपाय म्हणजे फॉर्म सेंटरवर भरला तरी रक्कम स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यातून भरणे. ते जमत नसेल तर सेंटर सोडण्यापूर्वी ऑर्डर क्रमांक आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. पावती न आल्यास चालकाकडून त्याच्या विवरणपत्रातील तेवढ्या ओळीची प्रत घ्यावी आणि ‘ही रक्कम अमुक विद्यार्थ्याच्या फीपोटी भरली’ असे सहीनिशी लिहून घ्यावे. रोख दिल्याची त्याची पावतीही असावी. कॉलेजच्या नोंदीत भरणाऱ्याच्या खात्याचे नाव वेगळे दिसले तरी ऑर्डर विद्यार्थ्याच्या नावावरच असते, त्यामुळे चिठ्ठी आणि ऑर्डर क्रमांक जुळले की नावातला फरक अडसर ठरत नाही.

एवढे करूनही कोणी ऐकले नाही, तर तक्रार कोणाकडे करायची ते, पैसे कुठे अडकले यावर ठरते, आणि चुकीच्या दारात गेल्याने महिने वाया जातात. बँकेने रक्कम उलटवली नाही किंवा उत्तरच दिले नाही, तर लेखी तक्रारीनंतर 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. लोकपाल बँकेला आणि पेमेंट व्यवस्थेतील कंपन्यांना विचारू शकतो, कॉलेजला नाही. पेमेंट कंपनीलाही तक्रार निवारणासाठी नोडल अधिकारी नेमणे बंधनकारक आहे, आणि त्याचा पत्ता तिच्या संकेतस्थळावर असायला हवा. रक्कम सेटलमेंटमध्ये आली आहे असे समजूनही कॉलेज पावती देत नसेल, तर हा विषय बँकेचा राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार महाविद्यालयांसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्याने समाधान झाले नाही तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. भंडारा जिल्ह्यातील कॉलेजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असल्याने इथल्या विद्यार्थ्याची ती वाट नागपूरकडे जाते. या दोन्ही दारांत मागतात ते कागद मात्र तेच आहेत: सही-शिक्क्याचे आठ दिवसांचे विवरणपत्र, दोन क्रमांकांची जोडी आणि आवक शिक्का असलेली अर्जाची प्रत.